डक्ट आणि केबल ट्रेचा क्लॅश: कंत्राटदाराच्या आरएफआयला उत्तर देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इमारतींच्या सेवांचं डिझाइन करतो. नवे इंजिनिअर आणि साइटवरचे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आकडे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच प्रकरण घेतलं आहे: तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये हवेचा मुख्य डक्ट लांबीने जातो आणि इलेक्ट्रिकल रूममधून निघालेला केबल ट्रे त्याला आडवा येतो. सगळ्या लेव्हल तयार फरशीपासून, मिलिमीटरमध्ये.

1. आरएफआय म्हणजे तक्रार का? आणि त्याला उत्तर कोणी द्यायचं?

तक्रार नाही. ड्रॉइंगमध्ये माहिती अपुरी आहे किंवा दोन ड्रॉइंग एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कंत्राटदाराने डिझायनरला लेखी विचारलेला प्रश्न म्हणजे आरएफआय. डक्टचं ड्रॉइंग मेकॅनिकलचं आणि ट्रेचं इलेक्ट्रिकलचं, त्यामुळे उत्तर एकाच्या नावाने गेलं तरी आधी दोघांनी एकत्र बसून ठरवलेलं असावं. एकाच आरएफआयला दोन विभागांकडून दोन उत्तरं गेली, तर कंत्राटदार त्याला सोयीचं असेल ते उचलतो. त्याला दोष देता येत नाही.

2. कंत्राटदाराने फक्त "डक्ट आणि ट्रे क्लॅश होतात, कृपया कळवा" एवढंच लिहिलंय. उत्तर देऊ का?

उत्तर म्हणून काही लिहू नका, पण आरएफआय परत पाठवून गप्पही बसू नका. त्याच दिवशी चार गोष्टी मागवा: कोणत्या दोन ग्रिडच्या मधे, दोन्ही ड्रॉइंगचे नंबर आणि रिव्हिजन, साइटवर टेपने मोजलेली बीमच्या तळाची लेव्हल, आणि दोन्हींपैकी काय बसवून झालंय. फोटोत टेप बीमला टेकलेली आणि आकडा वाचता येईल अशी हवी. लांबून काढलेल्या कॉरिडॉरच्या सुंदर फोटोचा काही उपयोग नसतो.

आमच्या प्रकरणात ड्रॉइंगवर बीमचा तळ 3250 होता आणि फोटोतली टेप 3238 दाखवत होती. हे 12 मिमी किती मोलाचे होते ते पुढच्या उत्तरात कळेल.

कंत्राटदाराने स्वतःचा तोडगा सुचवला असेल तर तो आधी वाचा. साइटवर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं ते आपल्याला स्क्रीनवर दिसत नाही.

3. उत्तर लिहायला बसण्याआधी तुम्ही नेमकं काय तपासता?

एका कागदावर छताचा उभा छेद काढतो आणि वरून खाली प्रत्येक वस्तूची जाडी मांडतो. प्लॅन बघून क्लॅश सुटत नाही, तो छेदात सुटतो.

स्लॅबचा तळ 3700. बीमचा तळ ड्रॉइंगप्रमाणे 3250. फॉल्स सीलिंग 2600 वर, आणि दिव्यांसाठी त्यावर 120 मिमी धरले की 2720 च्या खाली कुठलीही सेवा येऊ शकत नाही. म्हणजे बीमखाली हातात उरले 530 मिमी.

डक्ट 800 × 400. त्यावर चारही बाजूंना 25 मिमी इन्सुलेशन, म्हणून खरी उंची 450. बीमखाली 20 सोडून डक्टचा वरचा पृष्ठभाग 3230 वर आणि तळ 2780 वर. त्याखाली हँगरचा 41 मिमी चॅनल, म्हणजे 2739. दिव्यांपर्यंत उरले 19 मिमी. बीम प्रत्यक्षात 12 मिमी खाली उतरलेला असल्याने वरच्या 20 मधले 8 च राहिले. डक्ट बसतो, पण घासून.

ट्रे 450 रुंद आणि 75 उंच, ड्रॉइंगवर त्याचा तळ 3000 ला. म्हणजे तो डक्टच्या बरोबर पोटातून जात होता. दोन्ही ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर होती. चूक दोघांच्या मधे होती.

4. आधी कोणाला हलवायचं, डक्टला की ट्रेला?

रूढ क्रम असा: ज्या पाइपला उतार लागतो तो जागचा हलवायचा नाही, मग मोठा डक्ट, मग दाबाखालचे पाइप, आणि शेवटी ट्रे. कारण साधं आहे. ट्रेला वळवलं तर केबलची थोडी लांबी वाढते. डक्टला वळवलं तर हवेचा दाब खर्च होतो आणि त्याचा हिशोब पार पंख्यापर्यंत जातो.

पण हा क्रम म्हणजे कायदा नव्हे. ट्रेवर जाड केबलचा गठ्ठा असेल आणि डक्ट म्हणजे एका खोलीची 200 मिमीची छोटी शाखा असेल, तर डक्टच हलवा. जाड केबल वाकवणं किती महागात पडतं ते प्रश्न 5 मध्ये आहे.

5. मग या प्रकरणात तोडगा काय काढला?

ट्रे डक्टवरून नेला. कॉरिडॉरवरचे बीम आडवे आहेत आणि ट्रेही आडवाच जातो, म्हणजे तो बीमला समांतर आहे. दोन बीमच्या मधल्या खणात, डक्टच्या वर 3230 पासून 3700 पर्यंत 470 मिमी जागा रिकामी पडली होती. ट्रेचा तळ 3000 वरून 3330 वर नेला. ट्रेखालच्या 41 मिमी चॅनलचा तळ 3289 ला येतो, म्हणजे डक्टच्या इन्सुलेशनपासून 59 मिमी वर. ट्रेच्या माथ्यापासून स्लॅबपर्यंत 295 मिमी राहतात, तेवढ्यात हात घालून केबल बांधता येते. थंड डक्टला कधी घाम फुटलाच तर पाणी ट्रेवर पडत नाही, हा वरचा फायदा.

इथपर्यंत तोडगा सोपा वाटतो. खरी अडचण चढणीची होती. ट्रेवरची सर्वांत जाड केबल 50 मिमी व्यासाची, आणि तिच्या उत्पादकाने वळणाची किमान त्रिज्या बाह्य व्यासाच्या 12 पट दिली होती: 600 मिमी. या त्रिज्येने 330 मिमी चढायचं तर आडवी जागा साधारण 830 मिमी लागते. कॉरिडॉर 2800 रुंद, त्यात इलेक्ट्रिकल रूमच्या भिंतीपासून डक्टपर्यंत फक्त 350. ट्रे भिंतीतून बाहेर पडून मग चढेल, हे शक्यच नव्हतं.

म्हणून चढण इलेक्ट्रिकल रूमच्या आत घेतली आणि त्या भिंतीतलं भोक 330 मिमी वर सरकवलं. डक्टच्या पलीकडे समोरच्या भिंतीपर्यंत 1600 मिमी आहेत, तिथे उतरण आरामात बसते, त्यामुळे समोरच्या भिंतीतलं भोक जागच्या जागी राहिलं. ट्रे हा दोन टोकं असलेला प्राणी आहे. एक टोक हलवलं की दुसरं टोक कुठे जातं ते बघितल्याशिवाय उत्तर पाठवू नका.

6. ट्रे वर घेताना सर्वांत जास्त काय विसरलं जातं?

डक्टचे हँगर रॉड. डक्ट ज्या चॅनलवर बसतो तो दोन्ही बाजूंच्या रॉडवर लटकतो आणि ते रॉड थेट स्लॅबपर्यंत जातात, म्हणजे आपण ज्या रिकाम्या खणात ट्रे घालतोय त्यातूनच. आमच्याकडे एक हँगर नेमका ट्रेच्या वाटेत येत होता. तो नुसता बाजूला सरकवला असता तर एका बाजूचं अंतर जास्त झालं असतं. म्हणून तो एक काढून त्याऐवजी ट्रेच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 400 मिमीवर एकेक हँगर दिला.

दुसरं, ट्रेचे सपोर्ट स्लॅबमधून स्वतंत्र घ्यायचे. डक्टच्या चॅनलवर ट्रे टेकवलेला मी पाहिलाय, आणि टेकवणारा मोठ्या अभिमानाने दाखवत होता.

तिसरं, त्याच खणात स्प्रिंक्लरची शाखा आहे का ते बघा. तिचं ड्रॉइंग बहुधा तिसऱ्याच माणसाकडे असतं.

7. प्रत्यक्ष उत्तराचा मजकूर कसा होता?

जसा पाठवला तसा देतो. फक्त नंबर बदलले आहेत.

> आरएफआय 047 चे उत्तर. विषय: तिसरा मजला, ग्रिड 4 ते 5, डक्ट व केबल ट्रे.
>
> आपण दाखवलेला क्लॅश मान्य आहे. तो ड्रॉइंग एम-301 (रिव्हिजन 2) आणि ई-305 (रिव्हिजन 1) यांच्यात आहे. आपण मोजलेली बीमच्या तळाची 3238 ही लेव्हल धरून पुढील निर्णय दिला आहे.
>
> डक्टचा आकार, जागा आणि लेव्हल बदलणार नाही. केबल ट्रे डक्टवरून न्यावा, ट्रेचा तळ 3330. चढण इलेक्ट्रिकल रूमच्या आत घ्यावी, वळणाची त्रिज्या 600 पेक्षा कमी नको. इलेक्ट्रिकल रूमच्या भिंतीतील भोक 330 वर घ्यावे. जुने भोक भिंतीच्या मूळ अग्निरोधक क्षमतेइतके बुजवावे आणि नव्या भोकाला मंजूर पद्धतीचे फायर सील द्यावे. समोरच्या भिंतीतील भोक बदलणार नाही. डक्टचा एक हँगर काढून दोन द्यावेत. सोबतचे स्केच एसके-12 पाहावे, त्यात छेद व मापे दिली आहेत.
>
> काम सुरू करण्याआधी आपण दोन गोष्टी तपासून कळवाव्यात: या खणात स्प्रिंक्लरची शाखा नाही, आणि नव्या भोकाच्या जागी भिंतीवर बीम किंवा लिंटेल नाही. यापैकी काही आढळल्यास काम थांबवून याच आरएफआयवर लिहावे.
>
> हे उत्तर तांत्रिक स्पष्टीकरण आहे. यामुळे खर्चात किंवा मुदतीत फरक पडतो असे आपले मत असल्यास काम करण्यापूर्वी कंत्राटातील पद्धतीप्रमाणे कळवावे. दोन्ही ड्रॉइंगच्या पुढील रिव्हिजनमध्ये हा बदल येईल.

यात कुठेही "शक्यतो", "योग्य ते अंतर ठेवून", "आवश्यकतेनुसार" नाही. हे शब्द लिहायला सोपे असतात, पण फोरमनला त्यांवरून टेप लावता येत नाही.

8. डक्ट चपटा केला तर? क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं की हवा तेवढीच जाईल ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. 800 × 400 चं क्षेत्रफळ 0.32 चौरस मीटर. 1250 × 250 चं 0.3125, म्हणजे जवळजवळ तेवढंच. पण हवा भिंतींना घासत जाते आणि चपट्या डक्टला भिंत जास्त असते: परिघ 2400 वरून 3000 मिमी होतो. घर्षणाच्या हिशोबाने पहिला डक्ट 609 मिमी व्यासाच्या गोल डक्टइतका आणि दुसरा 568 मिमीच्या. तेवढीच हवा न्यायची तर दर मीटरला घर्षण सुमारे 40 टक्के वाढतं. घर्षण तेवढंच ठेवायचं तर 250 उंचीला रुंदी 1475 च्या आसपास लागते, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळपास सहापट. चारपटीच्या पुढे जायला मी तयार नसतो, कारण पत्रा थरथरतो आणि आवाज करतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. फक्त दीड-दोन मीटरचा तुकडा चपटा केला तर या 40 टक्क्यांना घाबरायचं कारण नाही, कारण मुळात दर मीटरचं घर्षण पाऊण पास्कलच्या आसपास असतं. तिथे जास्त नुकसान आकार बदलणाऱ्या दोन तुकड्यांत होतं आणि ते लांब, सावकाश उतरते ठेवले तर आटोक्यात राहतं. संपूर्ण कॉरिडॉरभर चपटा डक्ट नेणं ही मात्र वेगळी गोष्ट.

आमच्या प्रकरणात चपटा करूनही भागलं नसतं. डक्टची इन्सुलेशनसकट उंची 300 झाली असती, हँगर चॅनलचा तळ 2889 ला आला असता, आणि 2720 पर्यंत 169 मिमी मिळाले असते. ट्रे आणि त्याचा चॅनल मिळून 116. ट्रेच्या वर उरले 53. तेवढ्यात हाताचा पंजासुद्धा उभा राहत नाही.

9. ट्रेच्या वर किती जागा सोडायची?

मी निदान 200 मिमी मागतो, 300 मिळाले तर बरं. जिथे ट्रे कशाच्या तरी खालून किंवा वरून फक्त एक-दीड मीटर आडवा जातो आणि दोन्ही बाजूंनी हात पोचतो, तिथे 150 वर मी राजी झालोय. सलग लांबीत नाही.

10. मॉडेलमध्ये क्लॅश शून्य होते. मग साइटवर कसा आला?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. मॉडेलमध्ये डक्टचा नुसता पत्रा काढलेला असतो, इन्सुलेशन आणि हँगर नाहीत, म्हणजे 450 ऐवजी 400 चीच तपासणी झालेली असते. किंवा तपासणी एका रिव्हिजनवर झाली आणि नंतर एका विभागाने लेव्हल बदलली. किंवा काँक्रीट जसं काढलं तसं उतरलंच नाही, आमच्या 12 मिमीसारखं.

आमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं होतं. सीलिंग वर घ्यायचं ठरल्यावर डक्ट वर गेला आणि ट्रेच्या ड्रॉइंगला कोणी हात लावला नाही. डक्ट आणि ट्रेमध्ये अशी गाठ पडली असेल तर उत्तर देताना तेवढीच एक जागा सोडवून थांबू नका. त्याच बदलाने त्याच मजल्यावर आणखी कुठे घोळ झाला ते शोधा. आम्हाला आणखी दोन जागा सापडल्या. त्यांचे आरएफआय येण्याआधीच स्केच पाठवलं.

11. डक्ट आधीच बसवून झाला असेल तर उत्तर बदलतं का?

तोडगा बदलू शकतो, उत्तराची पद्धत नाही. डक्ट मंजूर ड्रॉइंगप्रमाणे बसवलाय का ते आधी पाहा. तसा असेल तर तो जागेवर आहे असं धरूनच विचार करा. ड्रॉइंगच्या लेव्हलपेक्षा खाली-वर बसवला असेल, तर तसं उत्तरात साध्या शब्दांत लिहा: "डक्टचा तळ 2780 ऐवजी 2750 ला आढळतो." दोष कोणाचा हे लिहू नका. मोजमाप पुरेसं बोलतं.

केबल आधीच ओढून झाल्या असतील तर मात्र लांबी तपासा. 600 त्रिज्येच्या चढण-उतरणीने प्रत्येकी सुमारे 85 मिमी, दोन्ही मिळून 170 मिमी जास्त केबल लागते. टोकाला ढील ठेवलेली असेल तर पुरते. मोजून कापलेली केबल पॅनेलच्या टर्मिनलपाशी अपुरी पडते, आणि ते कळतं सर्वांत शेवटी.

12. बीममधूनच भोक पाडून ट्रे नेला तर?

ते आमच्या हातात नाही. बीममधल्या भोकाचं उत्तर फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअर देऊ शकतो आणि काँक्रीट ओतून झाल्यावर तो बहुधा नकारच देतो. इथे ट्रे बीमला समांतर असल्याने प्रश्न आलाच नाही. ट्रे बीमला आडवा जात असेल तर प्रश्न 5 मधला तोडगाही चालत नाही, कारण वर चढलेला ट्रे पुढच्या बीमला धडकतो. मग दोघांपैकी एकाची कॉरिडॉरमधली बाजूच बदलावी लागते.

13. उत्तरात खर्च आणि मुदत यावर लिहावं का?

रक्कम किंवा दिवस लिहू नका, मान्यही करू नका. पण गप्पही राहू नका. प्रश्न 7 मधल्या उत्तराचा शेवटचा परिच्छेद याचसाठी आहे: भिंतीतलं भोक हलतंय, फायर सील नवं लागतंय, कंत्राटदार त्याचे पैसे मागणार हे उघड आहे. कंत्राटात बदल मंजूर करण्याचा अधिकार ज्याला दिलाय त्यालाच तो निर्णय घेऊ द्या. आपलं उत्तर "आदेश" म्हणून वाचलं जाणार नाही एवढं बघा.

14. "साइटवर समन्वय साधून घ्यावे" एवढं लिहिलं तर काय बिघडतं?

मी लिहिलंय, म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका क्लॅशवर मी हेच वाक्य पाठवलं आणि मोकळा झालो. डक्टवाल्यांनी समन्वय साधला: क्लॅशपासून पुढे कॉरिडॉरच्या टोकापर्यंत सगळा डक्ट चपटा केला, क्षेत्रफळ अगदी काळजीपूर्वक तेवढंच ठेवून. ट्रेवाले खूश, मी खूश. हवेचं बॅलन्सिंग सुरू झालं तेव्हा टोकाच्या खोल्यांत हवा पोचेना. डँपर पूर्ण उघडे, तरीही. तोवर सीलिंग बंद झालं होतं. टाइल्स उतरवून वर डोकं घातलं तेव्हा तो चपटा डक्ट दिसला, आणि फाइलमध्ये माझ्या सहीचं ते एक वाक्य.

15. उत्तर पाठवल्यावर ते चुकलंय असं लक्षात आलं तर?

लगेच फोन करून काम थांबवायला सांगा आणि त्याच दिवशी त्याच आरएफआय नंबरवर सुधारित उत्तर पाठवा, "आधीचे उत्तर रद्द" असं पहिल्या ओळीत लिहून. जुनं उत्तर फाइलमधून काढायचं नाही.

या प्रकरणातही एक सुधारणा करावी लागली. कंत्राटदाराने कळवलं की नव्या भोकाच्या जागी बीम नाही, पण एका लिंटेलचं टोक 60 मिमी आत येतंय. ट्रे खणातच 100 मिमी बाजूला सरकवला. हँगरचं 400 मिमीचं अंतर ट्रेच्या मध्यरेषेपासून दिलं होतं, त्यामुळे तेही 100 ने सरकले. स्केच एसके-12 ची रिव्हिजन 1 निघाली आणि आरएफआय बंद झाला.